एकच टीव्ही, पंचवीस माणसे: सगळ्यांना खेळता येतील असे खेळ कसे निवडावेत?

गौरी-गणपती, दिवाळी किंवा एखाद्या लग्नाच्या आदल्या दिवशी घरात वीस-पंचवीस माणसे जमतात. जेवणे होतात, गप्पा होतात आणि मग कोणीतरी म्हणते, "चला, काहीतरी खेळूया." हॉलमध्ये टीव्ही एकच असतो. मुले त्यावर गेम लावतात, चारजण खेळतात आणि अर्ध्या तासात बाकीचे आपापल्या मोबाइलमध्ये डोके घालून बसतात. आजी-आजोबा आत जाऊन पडतात. नुकतीच लग्न होऊन आलेली सून कोपऱ्यात बसून राहते, कारण तिला ना खेळ माहीत असतो, ना घरातले विनोद.

यात दोष टीव्ही एकच असण्याचा नसतो. त्या टीव्हीला कोणते काम दिले, यावर सगळे ठरते.

## आधी प्रतीक्षेचा हिशेब

समजा, एका घरात २५ माणसे जमली आहेत. सत्तरी ओलांडलेले चौघे, मधल्या वयाचे आठ, तरुण सहा, आठ ते चौदा वयाची चार मुले आणि सहा वर्षांखालची दोन. शिवाय खेळ चालवणारा एक. म्हणजे खेळणारे २४.

टीव्हीला गेमिंग कन्सोल जोडला आणि चार रिमोटवर गाड्यांची शर्यत लावली, तर एक शर्यत तीन मिनिटांची आणि अदलाबदलीला एक मिनिट, असे धरू. चौघांचा एक गट, म्हणजे सहा गट झाले. प्रत्येकाचा नंबर २४ मिनिटांनी येतो. तासाभरात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम साडेसात मिनिटांचा खेळ येतो आणि बाकीची साडेबावन्न मिनिटे तो वाट पाहतो. हेही नंबर काटेकोर पाळले तर. प्रत्यक्षात हरलेला मुलगा "अजून एकदा" म्हणत रिमोट सोडत नाही.

मोठ्या जमावासाठी खेळ निवडताना म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हा: एका वेळी किती जणांच्या हाताला किंवा डोक्याला काम आहे? टीव्ही हे खेळण्याचे साधन असेल, तर रिमोट जितके, तितकेच खेळाडू. टीव्ही हा सगळ्यांना दिसणारा फळा असेल, तर खोलीत जितके, तितके खेळाडू.

## मोबाइल रिमोट होतो, पण कुणाचा?

या दोन टोकांच्या मधला एक मार्ग आहे. प्रश्न टीव्हीवर दिसतो आणि उत्तर प्रत्येकजण आपल्या मोबाइलवरून देतो. जॅकबॉक्सचे खेळ असे चालतात. टीव्हीवर चार अक्षरांचा कोड दिसतो, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये jackbox.tv उघडून तो टाकायचा. वेगळे ॲप लागत नाही. मात्र त्यातले बहुतेक खेळ आठ खेळाडूंपर्यंतचे आहेत आणि त्यातली गंमत इंग्रजी शब्दांच्या खेळावर उभी आहे. २४ जणांत तीन-तीन जणांमागे एक मोबाइल दिला तर आकडा जुळतो, पण इंग्रजीतला विनोद आजोबांना समजावून सांगेपर्यंत वेळ संपलेली असते.

कहूट या प्रश्नमंजूषेत प्रश्न आपणच तयार करायचे असतात, त्यामुळे ते मराठीत लिहिता येतात. खेळणारे kahoot.it वर जाऊन टीव्हीवरचा पिन टाकतात. एरवीच्या खेळात प्रश्न आणि पर्याय टीव्हीवर दिसतात आणि मोबाइलवर फक्त चार रंगांची बटणे. फुकटच्या खात्यात किती खेळाडू चालतात, हे मात्र आदल्या दिवशीच पाहून ठेवावे.

यातही एक खाच आहे, ती गुण देण्याच्या पद्धतीत. बरोबर उत्तराला जास्तीत जास्त १००० गुण मिळतात आणि जसजसा वेळ जातो तसतसे ते कमी होत जाऊन वेळ संपताना निम्म्यावर येतात. प्रश्नाला २० सेकंद दिली असतील आणि बारा वर्षांच्या मुलीने दोन सेकंदांत बटण दाबले, तर तिला ९५० गुण मिळतात. आजोबांनी चष्मा नाकावर सरकवून सोळाव्या सेकंदाला तेच बटण दाबले, तर ६००. उत्तर दोघांचेही बरोबर, तरी फरक ३५० गुणांचा. वेळ ६० सेकंदांची केली की त्याच दोन उत्तरांना सुमारे ९८३ आणि ८६७ गुण मिळतात. फरक ११६ वर येतो. खेळ थोडा संथ होतो, पण शर्यत बोटांची न राहता आठवणीची होते. सगळ्या वयांची माणसे खेळणार असतील तर वेळेचे हे एकच सेटिंग बदलणे फार उपयोगाचे ठरते.

इंटरनेट कमकुवत असलेल्या गावी मात्र या दोन्ही प्रकारांवर विसंबू नये. एकाचा मोबाइल बाहेर फेकला गेला की सगळे थांबतात. म्हणून संध्याकाळचा मुख्य भाग नेटशिवाय चालेल असा ठेवलेला बरा. पुढचे तीन खेळ तसे आहेत.

## गट कसे पाडावेत?

गट आधी कागदावर पाडून ठेवावेत. वरच्या २४ जणांचे सहा-सहाचे चार गट होतात. प्रत्येक गटात एक ज्येष्ठ, दोन मधल्या वयाचे आणि एक शाळकरी मूल. उरलेल्या दोन जागांपैकी दोन गटांत दोन-दोन तरुण येतात आणि दोन गटांत एक तरुण व एक चिमुकले.

गट घराण्याच्या शाखांप्रमाणे पाडू नयेत. "मोठ्या काकांकडचे" विरुद्ध "धाकट्या काकांकडचे" असा सामना सुरुवातीला रंगतो, पण हरण्या-जिंकण्याला जुन्या गोष्टींचा वास लागायला वेळ लागत नाही. वयाप्रमाणे पाडलेल्या गटात चुलत भावंडांची सरमिसळ आपोआप होते. नवी सून आणि नवा जावई जोडीदाराच्या गटात नकोत. वेगळ्या गटात त्यांच्याशी बाकीच्यांना बोलावेच लागते.

## पहिला खेळ: हा कोण?

घरातले जुने-नवे फोटो घ्यायचे आणि प्रत्येकाचे तीन तुकडे करायचे. पहिल्या स्लाइडवर फक्त डोळे किंवा हनुवटी, दुसरीवर अर्धा चेहरा आणि थोडी पार्श्वभूमी, तिसरीवर पूर्ण फोटो. प्रत्येक स्लाइड २० सेकंद ठेवायची. बारा फोटो म्हणजे ३६ स्लाइड. एका फोटोला एक मिनिट आणि त्यामागची हकिगत सांगायला एक मिनिट, असा खेळ साधारण पंचवीस मिनिटे चालतो.

यात सर्वांत महत्त्वाचा नियम उत्तर देण्याचा आहे. ओरडून उत्तर द्यायला परवानगी दिली, तर मोठ्या आवाजाचे चौघेच खेळतात आणि बाकीचे वीस प्रेक्षक होतात. म्हणून उत्तर चिठ्ठीवर लिहायचे. एका फोटोला प्रत्येक गटाला एकच चिठ्ठी. पहिल्या स्लाइडला दिलेले बरोबर उत्तर तीन गुणांचे, दुसऱ्या स्लाइडला दोन, तिसऱ्या स्लाइडला एक. चूक झाली तर शून्य. चिठ्ठी उलटी करून चालवणाऱ्याकडे द्यायची आणि त्याने तिच्यावर स्लाइडचा क्रमांक टाकायचा. इतरांना उत्तर कळत नाही, त्यामुळे चारही गट शेवटपर्यंत विचार करत राहतात. आत्ताच द्यावे की अजून एक स्लाइड थांबावे, यावर गटात कुजबुज सुरू होते. खरा खेळ त्या कुजबुजीतच असतो. १९७० च्या दशकातला फोटो असेल तर शाळकरी मुलाला आजीकडे वळावेच लागते.

फोटो निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे बाराही फोटो माणसांचे नकोत, कारण नव्याने घरात आलेल्यांना आणि लहान मुलांना जुनी माणसे ओळखता येत नाहीत. आठ फोटो माणसांचे आणि चार घरातल्या वस्तूंचे अगदी जवळून काढलेले ठेवावेत. जात्याची खुंटी, समईचा मधला भाग, कडी-कोयंड्याचा गंज, पुरणयंत्राची जाळी असे काहीही चालते. तिथे सहा वर्षांचे मूल आजोबांच्या आधी ओळखते. दुसरी गोष्ट, फोटोंची यादी आधी घरातल्या एका जाणत्या माणसाला दाखवावी. अलीकडेच गेलेल्या व्यक्तीचा किंवा मोडलेल्या लग्नातला फोटो अचानक टीव्हीवर आला, तर पुढचा तास कोणालाच खेळावेसे वाटत नाही.

अल्बममधल्या फोटोचा फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवावा आणि खिडकीच्या उजेडात काढावा, म्हणजे चकाकी येत नाही. मोबाइलवर फोटो कापताना तो वेगळी प्रत म्हणून जतन करावा, नाहीतर मूळ फोटोच कापला जाण्याची भीती असते. तुकडे थेट गॅलरीतून दाखवू नयेत. तिथे ते तारखेप्रमाणे लागतात आणि एक बोट चुकीचे सरकले की पूर्ण फोटो आधी दिसतो.

## दुसरा खेळ: उलटा दमशेराज

नेहमीच्या दमशेराजमध्ये एकजण मूक अभिनय करतो आणि बाकीचे ओळखतात. लाजऱ्या माणसाला ते नकोसे होते, कारण सगळ्या हॉलसमोर तो एकटा उभा असतो. टीव्ही असेल तर हाच खेळ उलटा करता येतो. गटातला एकजण टीव्हीकडे पाठ करून खुर्चीवर बसतो. टीव्हीवर चित्र येते आणि खाली मोठ्या अक्षरांत शब्द. त्याच्या गटातले पाचहीजण त्याच्यासमोर उभे राहून एकदम अभिनय करतात आणि खुर्चीवरचा ओळखतो. ओळखले की चालवणारा पुढचे चित्र लावतो. दीड मिनिटात जितकी चित्रे ओळखली तितके गुण. अडले तर दोन चित्रे सोडून देता येतात.

पाचजण मिळून हत्ती किंवा लोकल ट्रेन होणार असतील तर कोणी लाजत नाही. चार वर्षांच्या मुलाला वाचता येत नसले तरी चित्र पाहून तोही सोंड हलवतो. शिवाय ज्या गटांची पाळी नाही, त्यांनाही टीव्हीवरचे उत्तर दिसत असते. हॉलमध्ये फक्त एका माणसाला उत्तर माहीत नसते आणि तो जे वेडेवाकडे अंदाज बांधतो, त्याची मजा सगळे घेतात. म्हणजे इथे वाट पाहणाऱ्यालाही काम आहे.

खुर्ची आजी-आजोबांना द्यावी. त्यांना उठबस करावी लागत नाही. टीव्हीवरची अक्षरे दिसत नाहीत ही एरवीची अडचण इथे अडचणच राहत नाही, कारण टीव्ही न पाहणे हीच खुर्चीची अट आहे. ऐकू कमी येत असले तरी बिघडत नाही, कारण अभिनय मूकच असतो.

शब्द सगळ्यांच्या ओळखीचे असावेत: शिवण यंत्र, कुकरची शिट्टी, विहिरीतून पाणी काढणे, मोबाइलचे चार्जिंग संपणे, क्रिकेटमधला अंपायर. एका पिढीलाच ठाऊक असलेली सिनेमांची नावे टाळावीत. प्रत्येक गटाला तीन पाळ्या, एका पाळीला अदलाबदलीसह दोन मिनिटे, असा हिशेब धरला तर चार गटांचा खेळ २४ मिनिटांत संपतो. सुमारे शंभर चित्रे तयार ठेवावीत, म्हणजे ती पुन्हा दाखवावी लागत नाहीत.

एक गोष्ट खेळ सुरू होण्याआधी तपासावी. रात्री दिवे लागल्यावर समोरच्या शोकेसच्या किंवा खिडकीच्या काचेत टीव्हीचे प्रतिबिंब दिसते. खुर्चीवर स्वतः बसून बघावे. दिसत असेल तर पडदा ओढावा किंवा काचेवर चादर टाकावी. एखादा गट अचानक भराभर ओळखू लागला, तर आधी काचेकडे बघावे.

## शेवटचा खेळ: हाउसी

हाउसी सर्वांना येते, म्हणून ती शेवटी ठेवावी. तोवर माणसे दमलेली असतात आणि बसून खेळायचा खेळ हवा असतो. तिकिटावर तीन ओळी आणि नऊ उभे रकाने असतात. प्रत्येक ओळीत पाच असे एकूण १५ आकडे, १ ते ९० मधले. पहिल्या रकान्यात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९ आणि शेवटच्यात ८० ते ९०. हे एकदा सांगितले की नवखा माणूस सगळे तिकीट न शोधता थेट त्या रकान्यात पाहतो.

इथे टीव्हीचे काम फक्त पुकारलेले आकडे दाखवण्याचे. लॅपटॉपवर साध्या तक्त्यात १ ते ९० लिहावेत आणि पुकारलेला आकडा रंगवत जावा. आकडे पिशवीतूनच काढावेत आणि ते काम सर्वांत लहान मुलाला द्यावे. ज्याला आकडा ऐकू आला नाही, तो टीव्हीकडे बघतो. दर दोन मिनिटांनी "मघाचा काय होता?" असे विचारणे थांबते. फळा समोर असल्यामुळे एक नियम मात्र स्पष्ट करावा. बक्षिसावरचा हक्क पुढचा आकडा पुकारण्याआधी सांगायचा. नाहीतर लोक फळा बघून मागच्या आकड्यांवर हक्क सांगू लागतात.

बक्षिसे कधी निघतील याचा अंदाज गणिताने बांधता येतो. २४ तिकिटे असतील तर 'जल्दी पाच' साधारण बाराव्या-तेराव्या आकड्याला जाते, 'चार कोपरे' अडतीसच्या आसपास, वरची, मधली आणि खालची ओळ प्रत्येकी पंचेचाळीसच्या आसपास आणि 'फुल हाउस' बहात्तरच्या आसपास. प्रत्यक्षात पाच-सात आकडे मागेपुढे होतातच. या यादीत तेरा ते अडतीस ही लांब पोकळी आहे. त्या पंचवीस आकड्यांत काहीच घडत नाही आणि लहान मुले नेमकी तेव्हाच उठून जातात. तिथे 'जल्दी सात' असे एक बक्षीस वाढवले की ते एकविसाव्या आकड्याच्या आसपास निघते आणि पोकळी भरते. एका आकड्याला दहा सेकंद धरली तर ७२ आकड्यांना १२ मिनिटे, तिकिटे तपासायला पाच-सहा मिनिटे. एक डाव साधारण १८ ते २० मिनिटांचा.

## टीव्ही तयार आहे का?

४३ इंची टीव्हीचे चित्र सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५३ सेंटिमीटर उंच असते. शेवटची खुर्ची चार-पाच मीटरवर असेल, तर वयस्कर माणसाला सहज वाचता यावे म्हणून अक्षर तीन सेंटिमीटरच्या खाली नको. मराठीत वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार यांनाही जागा लागते. त्यामुळे एका स्लाइडवर पाच-सहा ओळींपेक्षा जास्त मजकूर टाकू नये. हाउसीचा तक्ता नऊ ओळींचा केला तर प्रत्येक ओळीला सहा सेंटिमीटरच्या आतबाहेर उंची मिळते आणि आकडे शेवटच्या खुर्चीवरूनही दिसतात. मोजपट्टी नसेल तर सोपी परीक्षा अशी: घरातल्या ज्येष्ठांपैकी एकाला शेवटच्या खुर्चीवर बसवून स्लाइड वाचायला सांगावी.

लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडणे सर्वांत भरवशाचे. मोबाइलचा पडदा वायफायवरून टीव्हीवर दाखवला तर चित्र मध्येच अडकते. त्याहून मोठी पंचाईत म्हणजे आलेला प्रत्येक मेसेज पंचवीस जणांसमोर उघडा पडतो. मोबाइलच वापरायचा असेल तर 'डू नॉट डिस्टर्ब' आधी लावावे.

## खेळ फसतो आहे हे कसे ओळखावे?

फोटो, मग उलटा दमशेराज, मग चहा आणि शेवटी हाउसी, असा क्रम लावला तर दीड तासात सगळे आटोपते. पहिल्या खेळाने माणसे एकमेकांशी बोलू लागतात, दुसऱ्याने उठून हलतात आणि तिसऱ्यात बसतात. उलट क्रमाने केले तर हाउसीनंतर कोणी उठून हत्ती व्हायला तयार होत नाही.

चालवणाऱ्याने टीव्हीकडे नव्हे, माणसांच्या हातांकडे लक्ष ठेवावे. तीन-चार हातांत मोबाइल दिसू लागले, तर प्रतीक्षा फार झाली आहे. चालू फेरी तिथेच संपवून पुढच्या खेळाकडे जावे. गटात लिहिणारा आणि बोलणारा एकच माणूस दिसला, तर पेन गटातल्या सर्वांत लहान लिहिता येणाऱ्या मुलाच्या हाती द्यावे. मग बाकीच्यांना त्याला सांगावेच लागते. आणि एखाद्या फोटोवरून आजी हकिगत सांगू लागल्या आणि सगळे ऐकत असतील, तर पुढची स्लाइड थांबवावी. ठरवलेल्या बारा फोटोंपैकी नऊच झाले तरी बिघडत नाही.